पुस्तकांच्या फळीवर नेमका किती भार येतो आणि ती किती वाकेल: मोजणीपासून टेकूपर्यंत

फळीला झोल आला की बहुतेक जण म्हणतात, "पुस्तकं जास्त झाली." पुस्तकं सहसा जास्त झालेली नसतात, गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं मोकळं अंतर, लांब झालेला असतो. 20 किलो वजन 18 मिमी प्लायवूडच्या 60 सेंमीच्या फळीवर वर्षानुवर्षं निवांत बसतं. तीच फळी 90 सेंमीची केली की तेवढ्याच वजनाखाली वाक 3 पटींहून जास्त वाढतो. शिवाय लांब फळीवर पुस्तकंही जास्त मावतात, त्यामुळे प्रत्यक्षात वाक 5 पट होतो. म्हणून एकूण वजन काढून थांबलेलं गणित अर्धवट राहतं. वजन, मग मीटरमागचा भार, मग गाळा आणि शेवटी वाक, या क्रमाने गेलं तर फळी कापण्याआधीच उत्तर हातात येतं.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे: 90 सेंमी गाळा, 25 सेंमी खोली, 18 मिमी जाडीची पार्टिकल बोर्डची फळी. तयार कपाटांत हे माप सर्रास दिसतं आणि सर्वांत जास्त झोलही त्यालाच येतो.

## 1. आधी हाताशी काय हवं

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, मोजपट्टी आणि फळीची जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर काम भागतं. कॅलिपरऐवजी साधी पट्टी वापरण्याचा मोह होतो, पण जाडीत डोळ्याचा अंदाज चालत नाही. वाक जाडीच्या घनावर अवलंबून असतो. 18 मिमी म्हणून घेतलेलं प्लायवूड बऱ्याचदा 17 मिमी भरतं. फरक एकाच मिलिमीटरचा, पण वाक साधारण 19 टक्क्यांनी वाढतो. गणितात छापील जाडी न घेता मोजलेली जाडी घ्या.

माणसांचा वजनकाटा वापरणार असाल तर त्यावर थेट एकदोन पुस्तकं ठेवू नका, इतक्या कमी वजनाला तो भरवशाचा नसतो. पुस्तकं पिशवीत भरा, पिशवी घेऊन काट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

## 2. पुस्तकाचं सरासरी वजन काढणं

चुकांची सुरुवात इथेच होते. हाताला लागलेली चारपाच पुस्तकं तोलून सरासरी काढली जाते आणि हाताला नेहमी बरी, मध्यम आकाराची पुस्तकंच लागतात. त्याऐवजी रांगेतलं दर पाचवं पुस्तक काढा, मग ते आवडो न आवडो, आणि निदान 10 पुस्तकं होतील असं पाहा. संग्रहात दोन अगदी वेगळे प्रकार असतील, समजा कादंबऱ्या आणि शब्दकोश, तर त्यांची मोजणी वेगवेगळी करा.

आपल्या उदाहरणातल्या फळीवर 30 कादंबऱ्या आहेत, प्रत्येकी 300 ग्रॅमची आणि 2 सेंमी जाडीची. शेजारी 6 शब्दकोश आहेत, प्रत्येकी 1.8 किलोचे आणि 5 सेंमी जाडीचे. जाडीची बेरीज 60 अधिक 30, म्हणजे बरोबर 90 सेंमी. फळी गच्च भरली.

आता दोन प्रकारांची सरासरी 0.3 आणि 1.8 यांच्या मधोमध, म्हणजे 1.05 किलो, असं धरून तिला 36 ने गुणलं तर 37.8 किलो येतात. हे उत्तर चूक आहे, कारण कादंबऱ्या 30 आहेत आणि शब्दकोश फक्त 6. आधी दोन्हींचं एकूण वजन काढायचं:

```
30 × 0.3 = 9.0 kg
 6 × 1.8 = 10.8 kg
एकूण     = 19.8 kg
सरासरी   = 19.8 / 36 = 0.55 kg
```

म्हणजे सरासरी 550 ग्रॅम. 36 पैकी एकाही पुस्तकाचं वजन एवढं नाही, पण गणिताला लागतो तो आकडा हाच.

पडताळा. फळीवर मावणारी पुस्तकं म्हणजे गाळा भागिले सरासरी जाडी. इथे सरासरी जाडी 2.5 सेंमी, म्हणून 90 ÷ 2.5 = 36. तुम्ही धरलेली संख्या या आकड्याहून जास्त असेल तर काही पुस्तकं आडवी किंवा दुसऱ्या रांगेत जाणार आहेत, आणि तो भार वेगळा धरावा लागेल. संख्या कमी असेल तर रिकामी जागा उद्या भरणारच आहे. गणित आजच्या पुस्तकांचं करू नका, भरलेल्या फळीचं करा.

## 3. मीटरमागचा भार

```
w = (पुस्तकांची संख्या × सरासरी वजन) / लांबी
w = (36 × 0.55) / 0.9 = 22 kg/m
```

लांबी मीटरमध्येच घ्यायची. सेंटिमीटर टाकले की उत्तर 100 पटींनी चुकतं आणि तरीही कागदावर ते खरं वाटतं, हा त्यातला धोका.

या आकड्याची खातरजमा वजनकाट्याशिवायही होते. 1 मीटर लांबीची पुस्तकांची रांग म्हणजे कागदाचा एक लांब ठोकळाच. पुस्तकाची उंची आणि रुंदी ठाऊक असली की घनफळ कळतं, आणि ते कागदाच्या घनतेने गुणलं की वजन मिळतं. एकेक पुस्तक किती जाड आहे याला इथे महत्त्वच उरत नाही. जाडजूड, फुगीर कागदाची कादंबरी दर घन सेंमीला सुमारे 0.6 ग्रॅम भरते, साध्या छपाईचा दाट कागद 0.7 ते 0.8, आणि गुळगुळीत आर्ट पेपर 1.1 च्याही वर जातो.

20 × 13 सेंमी आकाराच्या कादंबऱ्यांची 1 मीटर रांग 26,000 घन सेंमी, म्हणजे साधारण 15.6 किलो. आपल्या मोजणीतून 9 ÷ 0.6 = 15 किलो आले होते, जुळलं. 25 × 18 सेंमीच्या शब्दकोशांची 1 मीटर रांग 45,000 घन सेंमी, 0.8 ने गुणून 36 किलो, मोजणीतूनही 10.8 ÷ 0.3 = 36. दोन वाटांनी आलेले आकडे 15 ते 20 टक्क्यांत जुळले तर पुढे जा. त्याहून जास्त फरक असेल तर वजन किंवा जाडी यांपैकी काहीतरी चुकीचं मोजलंय.

हाच हिशेब ए-4 आकाराच्या, आर्ट पेपरवर छापलेल्या चित्रग्रंथांना लावून पाहा: 29.7 × 21 × 100 सेंमी गुणिले 1.1, म्हणजे मीटरला जवळपास 69 किलो. कादंबऱ्यांच्या साडेचार पट! कादंबऱ्यांसाठी बेतलेल्या फळीवर अशी रांग ठेवली की काय होतं ते मग सांगावं लागत नाही.

यात फळीचं स्वतःचं वजन मिळवायचं. 0.9 × 0.25 × 0.018 मीटरच्या पार्टिकल बोर्डचं वजन, घनता 680 किलो प्रति घन मीटर धरली तर, 2.75 किलो होतं, म्हणजे मीटरला सुमारे 3 किलो. एकूण भार 25 किलो प्रति मीटर, आणि फळीवरचं सगळं मिळून 22.5 किलो.

सावधान. मागे दुसरी रांग लावणार असाल तर पुस्तकांचा भार दुप्पट धरा. उभ्या पुस्तकांच्या डोक्यावर आडवी पुस्तकं सरकवायची सवय असेल तर आणखी एक चतुर्थांश वाढवा. ही सवय घरोघरी असते, हिशेबात मात्र कुणीच धरत नाही.

## 4. गाळा कुठून कुठपर्यंत मोजायचा

गाळा म्हणजे दोन टेकूंमधलं मोकळं अंतर, फळीची लांबी नव्हे. कपाटात तो बाजूच्या दोन उभ्या फळ्यांच्या आतल्या कडांमध्ये मोजतात. भिंतीवरच्या फळीत तो ब्रॅकेटपासून ब्रॅकेटपर्यंत असतो, आणि ब्रॅकेटच्या बाहेर लोंबणारा भाग वेगळा पाहावा लागतो. 120 सेंमीची फळी, पण ब्रॅकेट 70 सेंमी अंतरावर असतील तर गाळा 70.

मागच्या बाजूला खिळलेलं पातळ हार्डबोर्ड टेकू म्हणून धरू नका. ते कपाट तिरकं होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तसंच फळी बाजूंना स्क्रूने पक्की केली म्हणून ती टोकांना जखडली गेली असंही समजू नका. पूर्ण जखडलेल्या टोकांची फळी सैल ठेवलेल्या फळीच्या फक्त एक पंचमांश वाकते, हे कागदावर खरं आहे. पण बोर्डच्या कडेत बसवलेला स्क्रू तेवढं घट्ट कधीच धरत नाही. टोकं नुसती टेकलेली आहेत असंच धरा.

## 5. वाकाचं गणित

```
I = b × h³ / 12
d = 5 × w × L⁴ / (384 × E × I)
```

इथे d हा मध्यातला वाक, b ही फळीची खोली, h जाडी, L गाळा, सगळं मिलिमीटरमध्ये. I म्हणजे फळीच्या छेदाच्या आकारामुळे वाकाला होणारा विरोध. E हा मालाचा ताठपणा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर या एककात. w मात्र आता किलोत चालत नाही, तो न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये हवा. त्यासाठी किलो प्रति मीटरला 9.81 ने गुणून 1000 ने भागायचं. आपले 25 किलो प्रति मीटर म्हणजे 0.245.

ताठपणासाठी हे आकडे अंदाजाला पुरतात: पार्टिकल बोर्ड 2500, एमडीएफ 3000, वरच्या पदराचे रेषे लांबीच्या दिशेने असलेलं बरं प्लायवूड 6000, टणक लाकूड 10,000.

```
I = 250 × 18³ / 12 = 121500
d = 5 × 0.245 × 900⁴ / (384 × 2500 × 121500)
d = 6.9 mm
```

म्हणजे पुस्तकं लावल्या दिवशीच फळी मध्यभागी जवळपास 7 मिमी खाली. सूत्रात गाळा चौथ्या घातात आहे आणि जाडी घनात. खोली नुसतीच आहे: फळी दुप्पट खोल केली तर वाक निम्मा होतो, पण तेवढीच पुस्तकं ठेवली तरच. खोल फळीवर दुसरी रांग येतेच, आणि मिळालेला फायदा तिथेच जातो.

फळी मोडेल का, ही भीती इथे बहुधा अनाठायी असते. याच भाराखाली फळीतला ताण 2 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्याही खाली राहतो आणि चांगलं बोर्ड थोडा वेळ तरी 11 च्या पुढे टिकतं. पुस्तकांची फळी तुटण्याच्या खूप आधी वाकते. म्हणून वाकाची तपासणी करायची. ती पास झाली तर ताकदीची आपोआप होते.

सावधान. प्लायवूडचा 6000 हा आकडा रेषे लांबीच्या दिशेने असतानाचा आहे. शीट वाचवण्यासाठी फळी आडवी कापली की रेषे खोलीच्या दिशेने जातात आणि ताठपणा बराच घसरतो. दुकानातून कापून आणताना "रेषे लांबीत" असं स्पष्ट सांगा आणि प्रत्येक तुकडा ताब्यात घेताना पाहून घ्या.

माल कसा आहे याची खात्री नसेल तर तुकडा मोजून घ्या. फळी 90 सेंमी अंतरावरच्या दोन विटांवर ठेवा आणि मध्यभागी जमिनीपासूनची उंची मोजा. मग बरोबर मध्यावर 10 लिटर पाण्याचा अरुंद कॅन ठेवा आणि पुन्हा उंची मोजा. दोन्हींतला फरक मिलिमीटरमध्ये घ्या. 18 मिमी जाडी आणि 25 सेंमी खोली असेल तर E म्हणजे 12,260 भागिले हा फरक. फरक 4.9 मिमी आला तर ताठपणा 2500. फरक 2 मिमी आला तर 6100, म्हणजे प्लायवूड नावाप्रमाणे आहे. आधीची उंची वजा केल्यामुळे फळीचा स्वतःच्या वजनाचा वाक यात येत नाही.

## 6. दोन वर्षांनंतरचा वाक

कायम भाराखाली लाकडी माल सावकाश वाकत राहतो. पहिल्या दिवशी बरी दिसलेली फळी वर्षभराने हसत असते ती याचमुळे. सुरुवातीच्या वाकाला टणक लाकडासाठी 1.6 ने, प्लायवूडसाठी 1.8 ने आणि पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफसाठी किमान 3 ने गुणा. हे गुणक कोरड्या घरासाठी आहेत. दमट भिंतीला टेकलेल्या कपाटात बोर्डचा वाक याहून वाढतो.

आपल्या फळीचे 6.9 मिमी त्रिगुणित होऊन सुमारे 21 मिमी होतात. मर्यादा किती धरायची? आम्ही अंतिम वाकासाठी गाळ्याचा दोनशेवा भाग धरतो. 900 मिमीला तो 4.5 मिमी होतो. याच्या पलीकडे फळी लांबूनही वाकलेली दिसते आणि खालच्या कप्प्यातली उंच पुस्तकं तिला घासू लागतात. 21 विरुद्ध 4.5, म्हणजे फळी नापास.

याच भाराला, याच खोलीला आणि याच जाडीला मर्यादेत राहणारा जास्तीत जास्त गाळा असा येतो: पार्टिकल बोर्ड 54 सेंमी, एमडीएफ 57, प्लायवूड 85, टणक लाकूड 105. तुमचा भार निम्मा असेल तर हे आकडे दुप्पट होत नाहीत, जेमतेम सव्वापट होतात. भार कमी करून लांब फळी वाचवता येत नाही ती यामुळेच.

## 7. पुस्तकांची जागा

हा टप्पा फुकटचा आहे आणि तरीही बहुतेकांकडून राहून जातो. वरचं गणित भार सारखा पसरलेला आहे असं धरून केलं. पण आपल्या फळीवर 6 शब्दकोश 30 सेंमीत बसले आहेत आणि त्या पट्ट्यात मीटरला 36 किलो आहेत. ते कुठे ठेवले यावर मध्यातला वाक बदलतो.

सहाही शब्दकोश मध्यभागी ठेवले तर सुरुवातीचा वाक 6.9 वरून 7.9 मिमीवर जातो. तेच 3 डाव्या टोकाला आणि 3 उजव्या टोकाला ठेवले तर 5.7 मिमीवर येतो. एकही पुस्तक न काढता चौथा हिस्सा वाक कमी! जड पुस्तकं टोकांना आणि हलकी मध्यात, एवढंच लक्षात ठेवायचं. दिसायला मोठे ग्रंथ मध्यभागी शोभतात खरे, पण फळीला ते मानवत नाहीत.

## 8. नापास फळी सुधारण्याचा क्रम

पुढची पट्टी. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा इथे मिळतो. 20 मिमी जाड आणि 40 मिमी उंच अशी टणक लाकडाची पट्टी फळीच्या पुढच्या कडेला उभी बसवायची. तिचा वरचा काठ फळीच्या पृष्ठभागाशी सपाट ठेवायचा आणि पूर्ण लांबीत सरस लावायचा. 40 मिमीची बाजू उभी आहे, आणि सगळा फायदा तिच्यातून येतो. पट्टी आडवी लावली तर तिचा ताठपणा चौथाईवर येतो.

पट्टीचा ताठपणा फळीच्या ताठपणात मिळवला, तोही दोघांना जणू स्वतंत्र धरून, तरी आपल्याच पार्टिकल बोर्डचा सुरुवातीचा वाक 6.9 वरून 1.5 मिमीवर येतो. काळानुसार वाढून तो 2.7 मिमीच्या आसपास राहतो. मर्यादा 4.5 होती, फळी पास. सरसाने एकजीव झालेली जोडणी याहूनही ताठ असते, म्हणजे हा आकडा सावध बाजूचाच आहे.

एक पथ्य मात्र आहे. पुढची कड ताठ आणि मागची सैल राहिली तर फळी पीळ खाते आणि पुस्तकं मागे झुकतात. मागच्या कडेखाली पाठीच्या फळीला किंवा भिंतीला स्क्रू केलेली एक पट्टी द्या, किंवा पुढच्यासारखीच दुसरी पट्टी मागे लावा. आणि पुढची पट्टी फळीखाली 22 मिमी उतरते, तेव्हा खालच्या कप्प्याची उंची तेवढी कमी धरा. कप्पे आखून झाल्यावर पट्टी आठवली की उंच पुस्तकं आत जातच नाहीत.

जाडी. 18 ऐवजी 25 मिमी घेतलं तर ताठपणा 2.7 पट होतो. पार्टिकल बोर्डचा 21 मिमी वाक 8 वर येतो, म्हणजे 90 सेंमीला तरीही नापास. दोन फळ्या एकमेकींवर ठेवून जाडी दुप्पट करायची असेल तर सरस आणि शिकंजे लागतातच. नुसत्या ठेवलेल्या दोन फळ्या दुप्पट ताठ, पूर्ण चिकटवलेल्या 8 पट. मधे चार स्क्रू मारणं म्हणजे चिकटवणं नव्हे.

मधला टेकू. 90 सेंमीची फळी अखंड ठेवून मध्यभागी टेकू दिला की वाक 0.2 मिमीच्या आत येतो. उत्तर रामबाण आहे, पण त्यात दोन गोष्टी चुकतात. पहिली: मधल्या टेकूवर अर्धा भार येत नाही, आठातले पाच भाग येतात. 22.5 किलोंपैकी 14 किलो एकट्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना जेमतेम सव्वाचार किलो. पातळ हार्डबोर्डमध्ये अडकवलेली एकुलती एक खुंटी हे काम करणार नाही. दुसरी: हे 14 किलो जमिनीपर्यंत पोचायला हवेत. उभं विभाजन फक्त एकाच कप्प्यात लावलं तर वरच्या फळीचा भार खालच्या फळीच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे सर्वांत वाईट जागी, उतरतो आणि आता ती वाकते. विभाजनं एकाखाली एक, तळापर्यंत, आणि तळाच्या फळीखालीही आधार हवा.

पडताळा. टेकू बसवल्यावर रिकाम्या फळीखालून कागदाचा कपटा सरकवून पाहा. टेकूवरून तो सहज गेला तर टेकू बुटका आहे आणि फळी वाकेपर्यंत काहीच काम करणार नाही. टोकांखालून गेला तर टेकू उंच आहे आणि फळी डुगडुगेल.

## 9. टेकूंवरचा भार

मधला टेकू नसेल तर प्रत्येक टोकाला निम्मा भार येतो. आपल्याकडे 11.25 किलो, आणि टोकाला 2 खुंट्या असतील तर एकेकीवर साडेपाच किलोंच्या वर थोडा. 5 मिमीच्या धातूच्या खुंटीला हा काहीच नाही. ढिली पडते ती खुंटी नव्हे, तिच्याभोवतीचं बोर्डचं भोक. फळी आखूड कापली गेली आणि खुंटीच्या नुसत्या टोकावर टेकली तर भोक हळूहळू लांबट होतं. फळी आणि बाजू यांत दोन्हीकडे मिळून 2 मिमीपेक्षा जास्त फट ठेवू नका.

अशा 5 फळ्या एकाखाली एक असतील तर प्रत्येक बाजूच्या उभ्या फळीतून 56 किलो खाली उतरतात. कपाट 4 बारीक पायांवर असेल तर तो भार त्या पायांखाली एकवटतो. पाय नेमके उभ्या फळ्यांच्या खाली हवेत, आत सरकवलेले नकोत.

## 10. भरल्यावर मोजणी

रिकामी फळी बसवल्यावर दोन टोकांना तिच्या खालच्या कडेला ताणून दोरा बांधा आणि मध्यात दोरा व फळी यांतलं अंतर लिहून ठेवा. बरीच बोर्डं मुळातच थोडी बाकदार असतात. तो बाक नंतर पुस्तकांच्या माथी मारला जातो. तयार फळीचा बाक वरच्या बाजूला फुगीर येईल अशी ती ठेवा. पुढे पट्टी लावली असेल तर मोजणी पट्टीच्या खालच्या कडेवर करा.

पुस्तकं भरून झाल्यावर पुन्हा मोजा. फरक गणिताच्या सुरुवातीच्या वाकाइतका, थोडा कमी किंवा 20 टक्क्यांपर्यंत जास्त आला तर ठीक. दुप्पट आला तर बहुधा रेषे आडवे आहेत, जाडी कमी आहे, किंवा प्लायवूड म्हणून आलेला माल वेगळाच आहे. तिसरी मोजणी 3 महिन्यांनी करा. काळाने येणारा वाक सुरुवातीला वेगाने वाढतो आणि मग मंदावतो, त्यामुळे एवढ्या काळात कल कळतो. तेव्हाच वाक गाळ्याच्या दोनशेव्या भागापाशी पोचला असेल तर वाट न पाहता पट्टी लावा.

वाकलेली फळी उलटी करून ठेवण्याचा उपाय सगळेच सुचवतात. फळी सरळ होते, थोडे महिने बरी दिसते आणि मग दुसऱ्या बाजूने तितकीच वाकते, कारण भार, गाळा आणि जाडी यांतलं काहीच बदललेलं नसतं. उलटी करायचीच असेल तर त्याच वेळी पुढची पट्टी लावून घ्या: फुगवटा वर ठेवा, सरस लावा आणि शिकंज्यांनी फळी पट्टीला सरळ ओढून रात्रभर तशीच राहू द्या.